केटायन रेझिनची कपॅसिटी: रोज आकडा वेगळा येतोय आणि धुणं संपतच नाही

रेवा_इंदूर
नमस्कार मंडळी. मी इंदूरला एमएस्सी करतेय, तिसरं सेमिस्टर. प्रॅक्टिकलला केटायन एक्स्चेंज रेझिनची कपॅसिटी काढायची आहे, कॉलममधून सोडियम सल्फेट सोडायचं, बाहेर जे ॲसिड येईल ते कॉस्टिकने टायट्रेट करायचं, बस एवढंच आहे खरं तर. पण दोन दिवस झाले आणि दोन्ही दिवशी आकडा भलताच.

काय केलं ते सांगते. रेझिन स्ट्राँग ॲसिड वालं, पॉलिस्टायरीन सल्फोनेट, सोनेरी-तपकिरी मणी, बाटलीवर एच फॉर्म, म्हणजे हायड्रोजनवालं, लिहिलंय. १.००० ग्रॅम तोलून बीकरमध्ये पाण्यात भिजवलं, ५० मिलीच्या ब्युरेटच्या तळाशी ग्लास वूल लावून त्यात ओतलं. मग धुवायला लागले, मिथिल ऑरेंज टाकून बघत होते आणि खालून येणारं पाणी लालच, म्हणजे ॲसिडच, अर्धा तास झाला तरी लाल, शेवटी वैतागून सोडून दिलं. मग सेपरेटिंग फनेलमधून ०.२५ मोलर सोडियम सल्फेट २५० मिली, मिनिटाला साधारण २ मिली, सगळं ५०० च्या कोनिकलमध्ये गोळा केलं, फिनॉल्फ्थॅलीन टाकून ०.१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेशन. पहिल्या दिवशी १४.२ मिली. दुसऱ्या दिवशी वाटलं आपण नीट धुतलं नव्हतं म्हणून जास्त वेळ धुतलं, तर ८.६ मिली!! म्हणजे कपॅसिटी १.४२ आणि ०.८६ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे एमईक्यू, पर ग्रॅम. पुस्तकात ४.५ ते ५ च्या आसपास दिलंय. सर म्हणाले हात चुकतोय, पण टायट्रेशन मी तीनतीनदा करून बघितलंय, हात नाही चुकत माझा.

सोमवारी जर्नल द्यायचंय. कुणी सांगेल का कुठे गडबड आहे?

ग्वाल्हेरचा_पक्या
रेवा, हे आम्ही बीएस्सीला केलंय, दोन गोष्टी बघ. पहिली, फ्लो. रेझिनला वेळ मिळाला पाहिजे, भरकन सोडलंस तर सोडियम तसाच खाली निघून जातो आणि ॲसिड आतच राहतं. मिनिटाला २ पण जास्त असेल तुझ्या एवढ्याशा रेझिनला, १ कर. दुसरी, तू सल्फेट वापरतेयस म्हणजे खाली सल्फ्युरिक ॲसिड येतंय ना, त्यात हायड्रोजन दोन असतात, म्हणून २ ने गुणायचं असतं. १.४२ चं २.८४ होईल. तरी कमीच आहे पण जवळ जाईल.

रेवा_इंदूर
२ ने गुणायचं असं पुस्तकात कुठे दिसलं नाही, पण थँक्यू, फ्लो कमी करून बघते.

ब्युरेटकाका
रेवा, गुणू नकोस बाळा. पक्याचं फ्लोबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, सावकाश सोडायला हवं, पण २ मिली हा नेहमीचाच वेग आहे, त्याने एवढा फरक पडायचा नाही. २ चं मात्र साफ चूक. रेझिनवरची प्रत्येक जागा एकच हायड्रोजन सोडते आणि एक सोडियम धरते. कॉस्टिक जे मोजतं ते हायड्रोजनच मोजतं, त्याच्या जोडीला सल्फेट आहे का क्लोराइड आहे याच्याशी त्याला काही घेणं नाही. सल्फ्युरिक ॲसिडचे मोल काढायचे असते तर तिथे २ चा प्रश्न आला असता, आणि तिथेही भागायला, गुणायला नाही. उद्या सल्फेटऐवजी साधं मीठ वापरलंस तरी रीडिंग तेवढंच यायला पाहिजे.

आता मला तीन गोष्टी सांग, बाकी उत्तर त्यातच आहे असं मला वाटतंय. धुवायला पाणी कोणतं घेतलंस? पहिल्या दिवशी किती आणि दुसऱ्या दिवशी किती, अंदाजे का होईना? आणि ते १ ग्रॅम रेझिन बाटलीतून काढून तसंच तोललंस का वाळवून?

मी ३४ वर्षं इंदुरात याच लॅबच्या टेबलांवर उभा राहिलोय, हे "धुणं संपत नाही" वाक्य दर वर्षी एकदा तरी ऐकलंय.

रेवा_इंदूर
काका, पाणी नळाचं. डिस्टिल्ड आठवड्याला आमच्या बॅचला २ लिटरच मिळतं आणि ते सोल्यूशन करायलाच संपतं, म्हणून धुवायला नळाचं घेतलं. नळाला आमच्या इथे बोअरचं पाणी येतं, नर्मदा नाही. पहिल्या दिवशी मेजरिंग सिलिंडरने घातलं होतं ते १८० मिली, दुसऱ्या दिवशी बरोब्बर ३०० मिली. रेझिन बाटलीतून काढून तसंच तोललं, ओलसर होतं थोडं, हाताला चिकटत होतं.

ब्युरेटकाका
झालं. तू सगळं लिहून ठेवलंयस म्हणून हे सोडवता येतंय, नाहीतर आलं नसतं.

बघ, एच फॉर्म मधलं रेझिन आणि बोअरचं पाणी. त्या पाण्यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, थोडा सोडियम आहे. ते कॉलममधून जाताना रेझिन तेच करणार जे तू सोडियम सल्फेटकडून करून घेणार होतीस, कॅल्शियम धरणार आणि हायड्रोजन सोडणार. उलट कॅल्शियमला ते सोडियमपेक्षा जास्त घट्ट धरतं. म्हणून खालचं पाणी लाल येत होतं. धुताना जे ॲसिड सिंकमध्ये गेलं तीच तुझी कपॅसिटी होती. आणि जितकं जास्त धुशील तितकी जास्त जाणार, म्हणून दुसऱ्या दिवशी रीडिंग आणखी खाली. रेझिन पुरतं संपेपर्यंत ते पाणी लालच येत राहिलं असतं.

आता तुझेच आकडे घेऊ. १८० मिली धुतल्यावर १४.२, ३०० मिली धुतल्यावर ८.६. म्हणजे जादा १२० मिली पाण्याने ५.६ मिली कॉस्टिकएवढं ॲसिड खाल्लं. १०० मिलीला ४.६७. मग पहिले १८० मिली किती खाऊन गेले असतील? ८.४. ते १४.२ मध्ये परत मिळव, २२.६ मिली होतात. धुतलंच नसतं तर साधारण एवढं रीडिंग यायला हवं होतं. दोनच बिंदूंवरून काढलेली रेघ आहे, जर्नलमध्ये उत्तर म्हणून लिहायची नाही, पण रोग कुठे आहे ते कळायला पुरेशी आहे.

याची उलटतपासणी पण होते. १०० मिलीला ०.१ नॉर्मलचे ४.६७ मिली म्हणजे लिटरला ४.६७ एमईक्यू. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात अंदाजे २३३ पीपीएम. इंदूरच्या काळ्या दगडातल्या बोअरला हा आकडा अजिबात नवलाचा नाही. ईडीटीएने त्या नळाच्या पाण्याची हार्डनेस काढ, त्याच्या जवळपास पण थोडी कमीच यायला पाहिजे, कारण सोडियम ईडीटीएला दिसत नाही, रेझिनला दिसतो.

उरलेला फरक ओलाव्याचा. पुस्तकातले ४.५ ते ५ हे कोरड्या रेझिनच्या ग्रॅमला आहेत. एच फॉर्म मधलं हे रेझिन फुगलेलं असताना निम्म्याहून थोडं जास्त पाणीच असतं. तुझ्या १ ग्रॅममध्ये कोरडं रेझिन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. २.२६ ला ०.५ ने भाग, ४.५. बघ कुठे आलीस.

वर्षा_रामबाग
मी शाळेत विज्ञान शिकवते, हे रेझिन प्रकरण मला नवीन आहे पण वाचायला मजा आली. एक शंका. धुताना जे ॲसिड बाहेर गेलं ते पण रेवाने गोळा करून टायट्रेट केलं असतं आणि नंतरच्या रीडिंगमध्ये मिळवलं असतं तर उत्तर बरोबर नसतं का आलं? काहीच वाया गेलं नसतं मग.

ब्युरेटकाका
वर्षाताई, छान विचारलंत. मला पण आधी तसंच वाटायचं. कमी आलं असतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. रेझिनने सोडलेला हायड्रोजन आधी त्या बायकार्बोनेटला भेटतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, तेवढा मिथिल ऑरेंजने केलेल्या टायट्रेशनमध्ये दिसतच नाही. फक्त क्लोराइड आणि सल्फेटच्या वाट्याचं ॲसिड उरतं, मिथिल ऑरेंजला लाल दिसत होतं ते तेवढंच. पाण्याची अल्कलिनिटी वेगळी काढून त्यात मिळवली तर हिशोब जुळतो, पण मग एका प्रयोगासाठी तीन टायट्रेशनं, आणि प्रत्येकाची चूक त्यात मिळणार. त्यापेक्षा डिस्टिल्ड पाणी कुठून तरी मिळवणं सोपं.

बडोदेकर_नितीन
बडोद्याहून. माझा पण हाच प्रॉब्लेम आहे, बरं झालं धागा दिसला. आमच्या सोसायटीत (मांजलपूर) बोअरवर सॉफ्टनर आहे, सहा वर्षं जुनं रेझिन. हल्ली गिझरमध्ये पुन्हा पांढरं साचायला लागलंय. वेंडर म्हणतो रेझिन मेलं, सगळं बदला, खर्च बराच आहे. मी म्हटलं आधी टेस्ट करू, माझा एक मित्र लॅबमध्ये आहे त्याने हीच टेस्ट केली, सॉफ्टनरमधून रेझिन काढून कॉलममध्ये घातलं, डीआय म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने धुतलं, सोडियम सल्फेट सोडलं, आणि टायट्रेशनला पहिल्या थेंबातच गुलाबी. म्हणजे ॲसिड शून्य. म्हणजे कपॅसिटी शून्य. मग वेंडर खरं बोलतोय असंच ना? का फ्लो जास्त होता आमचा पण?

ग्वाल्हेरचा_पक्या
नितीनभाऊ शून्य म्हणजे गेलंच ते. बदलून टाका.

ब्युरेटकाका
थांबा थांबा, बदलू नका लगेच. नितीनराव, तुमच्या मित्राने टेस्ट नीट केली पण रेझिन वेगळं आहे. सॉफ्टनरचं रेझिन सोडियम फॉर्ममध्ये असतं, तुम्ही त्याला मिठाने रिजनरेट करता ना. त्याच्याकडे हायड्रोजन नाहीच, मग तो बाहेर कुठून येणार? कोरं नवीन सॉफ्टनर रेझिन घेतलं असतं तरी शून्यच आलं असतं. या टेस्टने तुमच्या रेझिनबद्दल बरं-वाईट काहीच कळलं नाही.

आधी त्याला एच फॉर्ममध्ये आणायला लागेल. १० मिली रेझिन सिलिंडरमध्ये पाण्याखाली ठोकून बसवून मोजा, आणि हे मोजणं ॲसिड घालायच्या आधी करा, कारण एच फॉर्ममध्ये मणी थोडे फुगतात आणि मग लिटरचा हिशोब बदलतो. मग २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक भरपूर, निदान दोनअडीचशे मिली, सावकाश सोडा. सल्फ्युरिक वापरू नका, मण्यांवर कॅल्शियम आहे, आतच जिप्सम बसेल. मग डीआयने धुवून पुढची टेस्ट रेवासारखीच.

पिथमपूर_क्यूसी
मी पिथमपूरला फार्मा क्यूसीत आहे, आमच्याकडे डीआय प्लांटचं रेझिन वर्षातून एकदा तपासतो. काकांचं सगळं पटलं पण एक राहिलं, रेवाने कॉस्टिक स्टँडर्डाइज केलं का? "०.१ नॉर्मल" हे बाटलीवरचं लेबल असतं, खरं किती ते ऑक्झॅलिक किंवा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने काढायचं. आणि सोडियम सल्फेटचा ब्लँक, २५० मिली तसंच घेऊन टायट्रेट करायचं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मुरलेला असतो आणि फिनॉल्फ्थॅलीनला तो दिसतो.

ओलाव्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. अर्धं पाणी वगैरे अंदाज कशाला, आम्ही सरळ १०५ डिग्रीला ओव्हनमध्ये वाळवतो, डेसिकेटरमध्ये गार करतो आणि तेच कोरडं रेझिन तोलून कॉलममध्ये घालतो. भानगडच नाही.

ब्युरेटकाका
क्यूसीवाले भाऊ, अंदाज रेवाला दिशा दाखवायला होता, मोजायला तर लागेलच. पण वाळवलेलं रेझिन कॉलममध्ये घालायला मी तयार नाही. एक तर ते बटाट्याच्या कोरड्या किसासारखं हलकं होतं, स्टॅटिकने काचेला चिकटतं, तोलताना चार मणी उडाले की गेलं. दुसरं, पाण्यात टाकल्याबरोबर भसकन फुगतं, मणी तडकतात. आणि एच फॉर्म कोरडं असताना हवेतलं पाणी ओढतं, तोलता तोलता वजन वाढताना दिसतं. म्हणून माझी पद्धत अशी: एकाच ओल्या ढिगातून एकाच वेळी दोन वजनं घ्यायची, एक कॉलमला, एक ओव्हनला. ओव्हनमधलं नंतर टाकून द्यायचं.

पिथमपूर_क्यूसी
तडकले तरी जागा तेवढ्याच राहतात ना, तुकडे झाले म्हणून सल्फोनिक ग्रुप कुठे जात नाहीत. आणि आम्ही झाकणाच्या वेइंग बॉटलमध्ये तोलतो, वजन वाढायला वेळच मिळत नाही. आमचे आकडे दर वर्षी जुळतात.

ब्युरेटकाका
तुकडे ग्लास वूलमधून निसटतात, ती खरी अडचण. पण तुमच्याकडे सिंटर्ड डिस्कचा कॉलम असेल तर तुमचं बरोबर असेल.

रेवा_इंदूर
सगळ्यांना उत्तर द्यायला पाच दिवस लागले कारण पाणी मिळवायलाच दोन दिवस गेले. बॉटनीच्या एका सरांनी त्यांच्या कोट्यातलं ५ लिटर दिलं, देव त्यांचं भलं करो. जर्नलची तारीख पण वाढवून मिळाली.

आधी नळाच्या पाण्याची हार्डनेस काढली, १९० पीपीएम. काका म्हणाले तसंच, २३३ पेक्षा कमी. तेव्हा विश्वास बसला.

मग ५ ग्रॅम रेझिन घेऊन त्यातून २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक १०० मिली, अर्ध्या तासात. मग डिस्टिल्डने धुतलं. पहिले १०० मिली लाल, मग नारिंगी, आणि साधारण ३०० मिलीला जे डिस्टिल्ड वरून घालत होते त्यात आणि खालून येणाऱ्यात मिथिल ऑरेंजचा रंग अगदी सारखा. सिल्व्हर नायट्रेट टाकून पण बघितलं, दुधाळ होणं बंद. (ही टेस्ट नळाच्या पाण्यावर केली तर पाणीच दुधाळ होतं, ते पण करून बघितलं.) मग बुखनरवर सक्शन लावून पाणी काढलं आणि लगेच वजनं घेतली. ओव्हनमध्ये ठेवलेल्यात ५१.५ टक्के पाणी निघालं.

कॉस्टिक खरंच ०.०९८५ नॉर्मल होतं. सोडियम सल्फेटचा ब्लँक २५० मिलीला ०.१५ मिली.

पहिला कॉलम १.०१२ ग्रॅम ओलं, म्हणजे कोरडं ०.४९१. या वेळी काकांनी सांगितल्यासारखं नाही, मी माझ्याच मनाने तीन वेगळ्या फ्लास्कमध्ये गोळा केलं. पहिले १०० मिली: २३.४. पुढचे १०० मिली: ०.४. शेवटचे ५०: ०.१. एकूण २३.९, ब्लँक वजा करून २३.७५. गुणिले ०.०९८५ म्हणजे २.३४ एमईक्यू. भागिले ०.४९१. आलं ४.७७!!

दुसरा कॉलम १.००५ ग्रॅम, ब्लँक वजा करून २३.३०, आलं ४.७१.

तिसरा बिघडला. दुपारी जेवायला गेले, फनेल रिकामं झालं आणि पाणी रेझिनच्या खाली गेलं, परत आले तर मण्यांमध्ये हवेचे बुडबुडे. तसंच सल्फेट सोडलं, बघू म्हटलं. पहिल्या १०० ला १९.८, पुढच्या १०० ला २.३, शेवटच्या ५० ला ०.९, म्हणजे संपलंच नाही. अजून १०० मिली सोडलं तर परत ०.६. हे मी जर्नलमध्ये घेऊ का नको?

ब्युरेटकाका
वा वा वा. रेवा, तीन फ्लास्कमध्ये गोळा केलंस ते या प्रयोगातलं सगळ्यात चांगलं काम. मी हे विद्यार्थ्यांना सांगायचं कितीदा विसरलोय. एकाच कोनिकलमध्ये घेतलं की एकच आकडा मिळतो, तो बरोबर का चूक ते सांगायची सोयच नाही. तू तीनात घेतलंस म्हणून पहिल्या कॉलमबद्दल छातीठोक सांगता येतं की पहिल्या १०० मध्ये जवळजवळ सगळं आलं, शेवटच्या ५० मध्ये ब्लँकच्या आसपास. ०.२५ मोलर २५० मिली म्हणजे सोडियम १२५ एमईक्यू, तुझं रेझिन अडीचसुद्धा नाही, एवढा प्रचंड जादा सोडियम आहे, तर यायलाच पाहिजे पटकन.

आणि म्हणूनच तिसऱ्याची शेपटी लांबली याचा अर्थ द्रावण सगळ्या मण्यांना भिडलंच नाही, हवेला वळसा घालून एका बाजूने निघून गेलं. ते घे जर्नलमध्ये, कपॅसिटी म्हणून नाही, आकडे जसेच्या तसे आणि बुडबुडे दिसले होते हे लिहून. पुढच्या वेळी ब्युरेटच्या खालच्या तोंडाला रबराची नळी लावून टोक रेझिनच्या पातळीपेक्षा वर वळवून घे, मग फनेल संपलं तरी कॉलम कोरडा पडत नाही. बुडबुडे आले तर खालून पाणी उलटं सोडून मणी वर उचलायचे आणि परत बसू द्यायचे, अर्थात डिस्टिल्ड.

ग्वाल्हेरचा_पक्या
मी जुनी जर्नल काढून बघितली माळ्यावरून, आम्ही २ ने गुणलं नव्हतं. दुसऱ्या प्रयोगातलं माझ्या डोक्यात मिसळलं होतं. रेवा अभिनंदन. पण फ्लो १ केला असतास तर ४.७१ आणि ४.७७ मधला फरक गेला असता असं मला अजून वाटतं.

पिथमपूर_क्यूसी
फ्लोने नाही जाणार तो. शेवटच्या फ्लास्कमध्ये काही उरलंच नाही तर हळू सोडून काय मिळणार. फरक ओलाव्यात आहे, आणि मला तर वाटतं ४.७७ या आकड्यालाच ओलाव्यामुळे फार धरून बसू नये. रेवा, तू बुखनरवर किती वेळ सक्शन लावलं? समजा दोन मिनिटं कमी लावलं असतं आणि ओलावा ५४ टक्के आला असता, पण ते ५४ तू ओव्हनला मोजलं आणि कॉलमचं रेझिन मधल्या वेळात थोडं सुकलं, किंवा उलट. तुझेच आकडे ४६ टक्के कोरडं धरून कर, ४.७७ चं ५.०२ होतं. टायट्रेशन तू दुसऱ्या दशांशापर्यंत करतेयस आणि चूक इथे पाव एमईक्यूची बसलीय. म्हणून मी म्हणतो कोरडंच तोला.

रेवा_इंदूर
सक्शन घड्याळ लावून नाही केलं, पाणी थेंबथेंब पडायचं थांबलं तसं बंद केलं. पहिल्या आणि दुसऱ्या वजनामध्ये दहा मिनिटं तरी गेली असतील, मधे बॅलन्स दुसऱ्या मुलीने घेतला होता. ढीग वॉचग्लासवर उघडाच होता.

ब्युरेटकाका
मग इथे क्यूसीवाल्यांचं बरोबर आहे, मी मान्य करतो, हा ओलाव्याचा भाग सगळ्यात कच्चा आहे. दहा मिनिटं उघडा ढीग म्हणजे मार्चच्या इंदुरात बरंच काही. पण इलाज कोरडं तोलणं हाच आहे असं मी अजून म्हणत नाही. ढीग झाकणाच्या बाटलीत ठेवून सगळी वजनं पाच मिनिटांत घेतली तर? तुम्ही एकदा एकाच रेझिनवर दोन्ही पद्धती करून आकडे इथे टाका ना, मला पण बघायचंय. माझ्याकडे आता ओव्हन नाही.

पिथमपूर_क्यूसी
पुढच्या महिन्यात आमचं वार्षिक टेस्टिंग आहे, तेव्हा करतो. दोन्ही पद्धतीने तीन तीन कॉलम.

बडोदेकर_नितीन
माझा रिपोर्ट. मित्राने काकांनी सांगितलं तसं केलं. १० मिली रेझिन, हायड्रोक्लोरिक ३०० मिली, डीआयने धुवून सोडियम सल्फेट ४०० मिली, मग ५०० मिलीचा फ्लास्क भरून त्यातलं १०० मिली टायट्रेट केलं, ०.१ नॉर्मलचे ३१ मिली लागले. म्हणजे पूर्ण ५०० ला १५.५ एमईक्यू, रेझिनच्या लिटरला १.५५ इक्विव्हॅलंट. ॲसिड सोडताना पहिलं पाणी पिवळट-तपकिरी आलं, मित्र म्हणाला लोखंड आहे.

शून्याचं १.५५ झालं बघून मी वेंडरला थांबवलंय. पण आता नवीन रेझिनचं किती असतं? आणि १.५५ म्हणजे बदलायचं का नाही?

ब्युरेटकाका
नवं या जातीचं रेझिन सोडियम फॉर्ममध्ये लिटरला २ च्या आसपास असतं. म्हणजे तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त उरलंय. पण लक्षात घ्या, हायड्रोक्लोरिकने लोखंड धुतलं गेलं, आणि तुम्ही मोजलंत ते धुतल्यानंतरचं. टाकीत ते लोखंड मण्यांवर बसलेलंच आहे आणि मिठाने ते निघत नाही. म्हणजे हा आकडा रेझिनची ताकद सांगतो, तुमच्या टाकीत आज किती काम होतंय ते सांगत नाही. सॉफ्टनरमध्ये तसंही पूर्ण कपॅसिटी कधीच वापरली जात नाही, मीठ किती घालता त्यावर साधारण निम्म्याच्या आसपास मिळते, आणि एक थेंब हार्डनेस खाली निसटायला लागली की तिथेच थांबायचं असतं.

मीठ दर वेळी किती घालता आणि दोन रिजनरेशनमध्ये किती पाणी जातं ते मोजलंय का कधी?

बडोदेकर_नितीन
मीठ वॉचमन घालतो, बादलीने. पाण्याला मीटर नाहीये. या रविवारी बादलीचं वजन करतो आणि मीटर लावायचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढतो.

वर्षा_रामबाग
काका, बोअर नसलेल्या घरी नर्मदेच्या पाण्यावर हाच प्रयोग केला तर धुणं लवकर संपेल का? आमच्या शाळेत नर्मदेचं येतं, नववीच्या मुलांना दाखवायला रेवाकडून चिमूटभर रेझिन मागणार आहे.

ब्युरेटकाका
संपणार नाही ताई, जलूदहून येणाऱ्या पाण्यातही कॅल्शियम आहेच, फक्त रेझिन उशिरा संपेल. मुलांना तेच दाखवा. एका ड्रॉपरमध्ये कापूस, त्यावर रेझिन, वरून नळाचं पाणी, खाली मिथिल ऑरेंज. आणि शेजारी दुसरा ड्रॉपर, त्यात डिस्टिल्ड.

रेवा_इंदूर
वर्षाताई, रेझिन देते, उद्या संध्याकाळी रामबागेतच येणार आहे मावशीकडे. एच फॉर्म केलेलंच देते, डिस्टिल्डमध्ये बुडवून, म्हणजे आधीच संपलेलं नको.